चारा, मीठ आणि पाणी : थरच्या उंटाची देखभाल

थरच्या वाळवंटातला उंट मुख्यतः झाडाझुडपांच्या पाल्यावर जगतो. पावसानंतर उगवलेले गवत तो खातो, पण त्याच्या शरीराची ठेवण पाला ओरबाडण्यासाठी आहे. मान वर केली की त्याचे तोंड जमिनीपासून तीन मीटर उंचीच्या फांदीपर्यंत पोचते, त्यामुळे गाय, शेळी आणि मेंढी यांना न मिळणारा पाला त्याच्यासाठी शिल्लक राहतो. त्याचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असतो आणि दोन्ही भाग वेगवेगळे हलतात. काट्यांच्या मधली पाने तो या ओठांनी नेमकी टिपतो. गालांच्या आतल्या बाजूस टोकदार, चिवट उंचवटे असतात. बाभळीचे किंवा बोरीचे काटे त्यांवरून सरकतात आणि दाढांखाली चिरडले जातात.

पश्चिम राजस्थानात बीकानेर, जैसलमेर, बाडमेर आणि जोधपूर या भागांत राइका समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या उंटांचे कळप राखत आले आहेत. बीकानेरजवळ जोडबीड येथे १९८४ साली सुरू झालेली उंटांवरील राष्ट्रीय संशोधन संस्थाही आहे. राइकांचा अनुभव आणि शास्त्रीय निरीक्षणे एकत्र पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. उंटाचा चारा, मीठ आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबात मोजाव्या लागतात. पाणी नसेल तर कोरडी वैरण त्याच्या पोटात जात नाही, मीठ नसेल तर प्यालेले पाणी शरीरात टिकत नाही, आणि खारट पाला पोटात गेला की पाण्याची गरज वाढते. उंट खूप सोसतो, म्हणून यांतली उणीव बाहेर दिसायला वेळ लागतो. ती दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

ऋतूप्रमाणे बदलणारा पाला

चरणारा उंट एका झुडपापाशी फार वेळ थांबत नाही. चार-सहा घास घेतो, पुढे सरकतो, दुसऱ्या जातीच्या झुडपाला तोंड लावतो. या सवयीमागे कारण आहे. वाळवंटातल्या बहुतेक झाडांच्या पानांत टॅनिनसारखी तुरट किंवा कडू द्रव्ये असतात. एकाच झाडाचा पाला पोटभर खाल्ला तर त्यातील टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते आणि चारा पचत नाही. चार प्रकारचा पाला थोडा थोडा खाल्ला की कोणत्याही एका द्रव्याचे प्रमाण वाढत नाही. म्हणून उंटाला चरण्यासाठी दिवसाचे सहा ते आठ तास लागतात, आणि जवळपास तितकाच वेळ रवंथ करण्यासाठी. सकाळी सोडून दुपारी बांधलेला उंट अर्धपोटी राहतो, मग भोवतीचे रान कितीही हिरवे असो.

थरमध्ये या चाऱ्याचा कणा म्हणजे शमी. तिला तिकडे खेजडी म्हणतात. तिची मुळे खोल जात असल्याने भर उन्हाळ्यातही ती हिरवी राहते. हिवाळ्याच्या सुरुवातीला शेतकरी तिच्या फांद्या छाटतात, पाला वाळवतात आणि साठवतात. या वाळलेल्या पाल्याला 'लूंग' असे नाव आहे. शमीच्या जोडीला बोरीची झुडपे असतात. त्यांचा पालाही झोडपून, वाळवून ठेवला जातो आणि चारा म्हणून विकला जातो. केर, म्हणजे आपल्याकडची नेपती, जवळजवळ बिनपानांची असते. तिचे हिरवे कोंब, फुले आणि फळे उंट खातो. वाळूच्या टेकड्यांवर फोग नावाचे झुडूप वाढते, आणि खारवट जमिनीवर लाणा. पिलूचे झाड सदाहरित असून त्याची पाने खारट-तिखट असतात. उंटकटारा ही काटेरी वनस्पती दुसरी जनावरे टाळतात, उंटाला ती आवडते.

वर्षभरात या झाडांची पाळी बदलत जाते. जुलैच्या पावसानंतर जमिनीवर कोवळे वेल, तण आणि गवत उगवते. हा चारा रसरशीत असतो, पण त्यात मीठ फार कमी असते. खरिपाची पिके निघाल्यावर कळप शेतांत सोडले जातात. तेथे मटकी आणि गवारीचे उरलेले अवशेष मिळतात, आणि उंटांच्या लेंड्या शेताला खत म्हणून पडतात. हिवाळ्यात छाटलेल्या शमीचा पाला, बोर आणि लाणा यांवर भर असतो. मार्च-एप्रिलमध्ये फोग आणि नेपती फुलतात. त्यानंतर शमीला नवी पाने आणि शेंगा येतात. मे-जूनमध्ये मात्र शमी, पिलू आणि साठवलेला कोरडा चारा एवढाच आधार उरतो.

या साखळीतील एखादा दुवा तुटला तर पुढचा ऋतू जड जातो. देवाच्या नावाने राखलेली गावाची राने, ज्यांना तिथे ओरण म्हणतात, ही उन्हाळ्यातल्या चाऱ्याची मोठी पेढी आहे. इंदिरा गांधी कालव्यामुळे पाणी आले, पण झुडपांची राने शेतीखाली गेली. अलीकडे सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांनीही चराईची जमीन व्यापली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते. २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. या घसरणीला अनेक कारणे आहेत. चराईचे आक्रसणे हे त्यांपैकी एक मोठे कारण आहे.

गाडीच्या उंटाची एका दिवसाची वैरण

कळपातला उंट आपला आहार स्वतः निवडतो. गाडीला जुंपलेल्या उंटाला तशी संधी नसते, त्याला जे समोर टाकले जाते तेच मिळते. बीकानेरच्या बाजारात माल ओढणारा सुमारे ५०० किलो वजनाचा एक उंट आणि मे महिना, असे उदाहरण घेऊन त्याच्या वैरणीचा हिशेब करता येतो.

चाऱ्यातले पाणी वगळून जे उरते त्याला शुष्कांश म्हणतात. काम करणाऱ्या उंटाला दिवसाला वजनाच्या सुमारे दोन टक्के शुष्कांश लागतो, म्हणजे या उंटाला १० किलो. कोरड्या वैरणीत दहाएक टक्के पाणी असते, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ११ किलो वैरण टाकावी लागते. त्यात ४ किलो मटकीचा भुसा, साडेतीन किलो गवारीच्या शेंगांची टरफले आणि काड्या, अडीच किलो शमीचा वाळलेला पाला आणि एक किलो गवारीची चुरी असे मिश्रण चालते. भुसा आणि टरफले पोट भरतात, शमीचा पाला प्रथिने आणि कॅल्शियम देतो, चुरी कामासाठी ताकद आणि आणखी प्रथिने पुरवते. ही वैरण तीन वेळा विभागून द्यावी. कामावरून आल्यावर आधी विसावा, मग पाणी, मग वैरण, आणि त्यानंतर रवंथासाठी निवांत बसण्याची वेळ मिळाली पाहिजे.

चुरी, पेंड किंवा धान्य वाढवून चारा कमी करण्याचा मोह टाळावा लागतो. उंटाच्या पोटातील सूक्ष्मजीव तंतुमय चारा पचवण्यासाठी जुळलेले असतात. एकदम तीन-चार किलो बाजरी किंवा गहू पोटात गेला तर तो वेगाने आंबतो, पोटात आम्ल साठते, रवंथ थांबते आणि उंट कण्हत बसून राहतो. धान्याच्या उघड्या पोत्याजवळ रात्री सुटा राहिलेला उंट असा आजारी पडतो, आणि वेळेत उपचार न झाल्यास मरतो. नवीन खुराक सुरू करायचा असेल तर तो मूठभरापासून वाढवत न्यावा आणि पूर्ण प्रमाणावर यायला दहा-बारा दिवस घ्यावेत.

आता हेच दहा किलो शुष्कांश हिरव्या पाल्यातून मिळाले तर काय होते ते पाहावे. साठ टक्के पाणी असलेला पाला असेल तर उंटाला सुमारे २५ किलो खावा लागेल, आणि त्याबरोबर १५ लिटर पाणी आपोआप पोटात जाईल. पावसाळ्यानंतरच्या कोवळ्या चाऱ्यात पाण्याचा अंश ७५ टक्क्यांच्या पुढे असतो. असा ४० किलो चारा खाल्ला तर ३० लिटर पाणी मिळते. हिवाळ्यात हिरव्या चाऱ्यावरचा उंट कित्येक आठवडे पाणवठ्याकडे फिरकत नाही, याचे कारण एवढेच आहे. कोरड्या वैरणीवरच्या आपल्या गाडीच्या उंटाला मात्र त्याच दहा किलोंतून जेमतेम एक लिटर पाणी मिळते. बाकीचे पाणी त्याला हौदातूनच द्यावे लागते.

पाणी किती आणि केव्हा

उंटाच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. पाण्याची बचत तो दुसऱ्या मार्गांनी करतो. त्याचे मूत्रपिंड लघवी अतिशय घट्ट करतात आणि लेंड्या इतक्या कोरड्या पडतात की त्या ताज्या असतानाही जाळता येतात. तहानलेला उंट दिवसा अंग तापू देतो. पहाटे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेले तापमान दुपारनंतर ४० अंशांच्या वर जाऊ शकते. अंग तापू दिल्याने घाम गाळावा लागत नाही, आणि मोठ्या उंटाचे दिवसाला चार-पाच लिटर पाणी वाचते. रात्रीच्या थंड हवेत ही उष्णता बाहेर टाकली जाते. शरीरशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात अल्जीरियाच्या सहारात केलेल्या प्रयोगांतून या गोष्टी मोजून दाखवल्या. उंट शरीराच्या वजनाच्या पाव भागाइतके पाणी गमावूनही जगतो, आणि पाणी मिळताच दहाएक मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पिऊन ते भरून काढतो. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी लंबगोल असून एवढे पाणी एकदम आल्यावरही फुटत नाहीत.

या क्षमतेचा अर्थ बरेचदा चुकीचा लावला जातो. उंट आठवडाभर पाण्यावाचून राहू शकतो, म्हणून त्याला आठवड्यातून एकदा पाणी पुरे, असे समजले जाते. गाडीच्या उंटाच्या उदाहरणात, त्याला मे महिन्यात चार दिवस पाणी दिले नाही आणि तो दररोज १५ लिटर गमावतो असे धरू. चौथ्या दिवशी त्याचे वजन ६० किलोंनी उतरलेले असेल. हौदापाशी नेल्यावर काही मिनिटांत तो ६० लिटर पिईल आणि अंगाने पुन्हा भरलेला दिसेल. पण तहान वाढत गेली तसा दुसऱ्या दिवसापासून त्याने कोरडा चारा टाकायला सुरुवात केलेली असते. लाळ कमी, पोटातले पाणी कमी, म्हणून भुसा घशाखाली उतरत नाही. त्या दिवसांत त्याने निम्माच चारा खाल्ला असेल तर पंधराएक किलो वैरण हुकली. पाणी एका पिण्यात भरून आले, हुकलेला चारा भरून येत नाही. तो मदारीतील चरबीतून खर्च होतो. आठवड्यामागून आठवडे असे होत राहिले तर उंट पाणी पिऊनही खंगत जातो.

म्हणून उन्हाळ्यात कोरड्या वैरणीवर काम करणाऱ्या उंटाला रोज पाणी दाखवावे. तो ३० ते ४० लिटर, कधी त्याहूनही अधिक पितो. चरणाऱ्या कळपाला उन्हाळ्यात दोन ते चार दिवसांआड पाणी मिळावे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हे अंतर चाऱ्याच्या ओलाव्याप्रमाणे वाढवता येते. दुभत्या सांडणीला आणि पिलांना जास्त वेळा पाणी लागते. सांडणी तहानलेली असली तरी तिच्या दुधातील पाण्याचा अंश घटत नाही, उलट वाढतो. त्यामुळे पिलाची तहान भागते, पण त्याची किंमत आईचे शरीर चुकवते.

थरमध्ये कळप नाडी आणि टोबा या पावसाच्या पाण्याच्या तळ्यांवर किंवा विहिरीजवळच्या लांबट हौदांवर पितात. लांबून आलेल्या कळपाला पाण्यावर घाईने पाजून लगेच हाकलू नये. पहिल्यांदा पिऊन झाल्यावर कळप सावलीत बसवावा आणि तासा-दोन तासांनी पुन्हा हौदाशी आणावा. शरीराने पहिले पाणी सामावून घेतल्यावर बरेच उंट दुसऱ्यांदा चांगले पितात. दांडगे नर पुढे घुसतात आणि लहान जनावरे मागे राहतात, म्हणून कळपाचे छोटे गट करून पाजणे बरे. उंट घाण, शेवाळलेले किंवा दुसऱ्या जनावरांनी गढूळ केलेले पाणी बरेचदा नाकारतो. पाण्याला तोंड न लावणारा उंट तहानलेला नाही असे मानण्याआधी हौद धुऊन पाहावा.

मिठाचा हिशेब

उंटाला मीठ इतर पाळीव जनावरांच्या कितीतरी पट लागते. आतड्यातून पाणी शोषून घेणे, ते रक्तात आणि पेशींभोवती टिकवणे, स्नायूंचे आकुंचन, पचनरसांची निर्मिती या सगळ्यांत मिठातील सोडियमचे काम असते. शरीरात सोडियम कमी पडले तर तहान मंदावते. उंट पाण्यापाशी उभा राहूनही कमी पितो, कमी प्याल्याने कमी खातो आणि वाळत जातो. पाळणारा त्याला अधिक चुरी देतो, उंट तीही शिल्लक टाकतो. दोष चुरीत नसून मिठात आहे हे लक्षात आले नाही तर महिने वाया जातात.

मिठाचा सर्वांत चांगला स्रोत म्हणजे खारट झुडपे. लाणा आणि पिलू भरपूर असलेल्या भागातील कळपांना वेगळे मीठ जवळपास लागत नाही. कच्छमधील खाराई जातीचे उंट याचे ठळक उदाहरण आहेत. २०१५ साली या जातीला स्वतंत्र मान्यता मिळाली. हे उंट किनाऱ्यालगतच्या तिवरांचा पाला खातात आणि त्यासाठी खाडीतून पोहत बेटांवर जातात. तेथे त्यांना मीठ मुबलक मिळते, पण गोडे पाणी मिळत नाही; म्हणून दोन-तीन दिवसांनी त्यांना पाणी पिण्यासाठी किनाऱ्यावर परत आणावे लागते. पाला आणि पाणी यांच्यामधली ही ये-जा हीच त्या उंटपालनाची घडी आहे. सलग अनेक दिवस केवळ लाणा खाणाऱ्या उंटाच्या लेंड्या पातळ होतात आणि त्याला पाणी जास्त लागते. त्यामुळे जाणते राखणदार कळप खारट रानातून शमी-बोरीच्या रानात आणि पुन्हा खारट रानात असा फिरवत ठेवतात.

खारट पाला नसेल तर मीठ हातानेच द्यावे लागते. उदाहरणातल्या गाडीच्या उंटाला रोजच्या वैरणीतून किमान ५० ते ६० ग्रॅम मीठ द्यावे. कडक उन्हाळ्यात आणि जड कामाच्या दिवसांत ते १०० ग्रॅमच्या पुढे न्यावे लागते. खारट झुडपे अजिबात नसलेल्या भागात एका उंटामागे आठवड्याला एक किलो, म्हणजे दिवसाला सुमारे १४० ग्रॅम, असा ढोबळ हिशेब धरला जातो. मिठाची लादी टांगून ठेवण्यापेक्षा जाडे मीठ चुरीत किंवा ओल्या भुशात मिसळणे चांगले, कारण लादी चाटून उंटाला पुरेसे मीठ मिळत नाही. बरेच दिवस मीठ न मिळालेला उंट समोर ढीग दिसला तर अधाशीपणे खातो. म्हणून सुरुवात दोन चमच्यांपासून करावी आणि आठवडाभरात प्रमाण वाढवावे. मीठ दिले त्या दिवशी पाणी जवळ असलेच पाहिजे. पाण्यावाचून खाल्लेले जास्त मीठ हगवण आणतो, आणि प्रमाण फार असेल तर जनावर झोकांड्या खाऊ लागते.

विहिरीचे पाणीही या हिशेबात धरावे लागते. थरमधल्या अनेक विहिरी मचूळ आहेत. एका लिटरमध्ये ५ ग्रॅम मीठ असलेले पाणी माणूस तोंडात धरणार नाही, मोठा उंट ते पितो. असे ३० लिटर पाणी प्याले की १५० ग्रॅम मीठ पोटात जाते. त्या उंटाला वेगळे मीठ देण्याची गरज नाही. दुभत्या सांडण्या आणि पिलांसाठी मात्र त्यातल्या त्यात गोड पाण्याची विहीर निवडावी. राजस्थानात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइडही जास्त आहे. दातांवर तपकिरी डाग आणि तरुण वयातच ताठरलेले सांधे दिसले तर पाणी तपासून घेणे आवश्यक ठरते.

मिठाची सर्वाधिक उणीव पावसाळ्यात पडते हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. भोवती हिरवे रान असते, उंट पोटभर खातो, पण कोवळ्या चाऱ्यात आणि पावसाच्या साठलेल्या पाण्यात मीठ नसते. याच दिवसांत मीठ देणे सर्वांत फायद्याचे ठरते.

पहिली लक्षणे

आजारी उंट ओरडत नाही, लंगडतही चालत राहतो आणि बऱ्याचदा कोसळेपर्यंत कळपाबरोबर राहतो. त्यामुळे आजार ओळखायचा तो सवयीत पडलेल्या फरकावरून. त्यासाठी उत्तम वेळ म्हणजे पहाट, कळप उठायच्या आधी. निरोगी उंट छातीच्या घट्ट्यावर नीट बसून रवंथ करत असतो. हाक येताच उठतो, अंग ताणतो, लघवी करतो, लेंड्या टाकतो आणि चरायला निघतो. उशिरा उठणारा, रवंथ न करणारा, मान वाळूवर लांब टाकून बसलेला किंवा नेहमी पुढे असताना आज मागे राहिलेला उंट वेगळा काढून पाहावा.

पाहण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी लेंड्या: त्या सुट्या, घट्ट आणि तुळतुळीत असाव्यात. चिकट गोळा, शेंब किंवा पातळ शेण म्हणजे पचन बिघडले आहे. मग डोळे: खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. तो गुलाबी हवा. पांढुरका असेल तर रक्त कमी झाले आहे. डोळे खोल गेले असतील आणि मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत होत नसेल तर पाण्याची उणीव आहे. मग मदार: ती आखडली किंवा एका बाजूला कलली तर चरबी खर्च होत आहे. उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्याच कळपाच्या मदारी थोड्या उतरतात, त्यात काळजीचे नाही. एकाच उंटाची मदार उतरणे किंवा भर पावसाळ्यातही ती न भरणे ही आजाराची खूण आहे.

ताप मोजताना उंटाच्या बाबतीत एक विशेष काळजी घ्यावी लागते. तहानलेल्या उंटाचे तापमान उन्हाळ्यात संध्याकाळी ४० अंश भरले तर तो ताप नसतो. म्हणून तापमान सूर्योदयापूर्वीच घ्यावे. त्या वेळी ते ३९ अंशांच्या वर असेल तर तो ताप समजावा.

काही खुणा थेट आहाराकडे बोट दाखवतात. माती, दोर किंवा दुसऱ्या उंटाचा घाम चाटणारा उंट मिठासाठी भुकेला असतो. मीठ कमी असलेल्या कळपांत पायाचे गोळे चढणे, सांधे सुजणे आणि अंगावर मधोमध कुजलेले गोल व्रण पडणे अधिक आढळते. हाडे चघळणाऱ्या उंटाला फॉस्फरसची उणीव असते. जुन्या हाडांतून जीवघेणे विष पोटात जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याला क्षारमिश्रण सुरू करावे आणि हाडे रानातून उचलून पुरावीत. अर्धवट चावलेला चारा तोंडातून गळत असेल तर दातांची झीज, गालात घुसलेला काटा किंवा जिभेची जखम तपासावी.

एक अपवाद लक्षात ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात माजावर आलेला नर चारा टाकतो. त्याच्या तोंडाला फेस येतो, घशातला लाल फुगा तो गुरगुरत बाहेर काढतो, मानेमागच्या ग्रंथींतून काळपट स्राव वाहतो आणि लेंड्याही पातळ होतात. हा आजार नव्हे. पण त्या चार महिन्यांत त्याचे वजन खूप उतरते, म्हणून माजापूर्वी त्याची मदार भरलेली असणे आणि माज ओसरल्यावर त्याला चांगला खुराक मिळणे गरजेचे असते.

तिबरसा आणि खरूज

चारा, पाणी आणि मीठ नीट असूनही उंट खंगत असेल तर सर्वांत आधी सर्रा या रोगाचा संशय घ्यावा. राजस्थानात याला तिबरसा म्हणतात, कारण जनावर यात तीन-तीन वर्षे झिजत राहते. ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी रक्तात वाढतो आणि गोमाशीच्या चाव्यातून एका जनावरातून दुसऱ्यात जातो. ताप येतो, उतरतो, काही दिवसांनी पुन्हा येतो. मधल्या काळात उंट चरतो, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे पापण्या पांढऱ्या पडतात, पोटाखाली सूज उतरते, मदार नाहीशी होते, गाभण सांडणी गाभडते. राइका उंटाच्या लघवीने भिजलेल्या वाळूचा गोळा करून त्याच्या वासावरून हा रोग ओळखतात. पशुवैद्य रक्त तपासून खात्री करतात, पण ताप नसलेल्या दिवशी परजीवी रक्तात सापडतीलच असे नाही. एका तपासणीत काही आढळले नाही तर तापाच्या दिवशी पुन्हा रक्त घ्यावे. यावर क्विनापायरामिनची सुई देतात. मात्रा वजनानुसार ठरवावी लागते, कारण कमी मात्रेने परजीवी औषधाला सरावतात. गुरांच्या रक्तातील परजीवींवर वापरले जाणारे डिमिनाझीन हे औषध उंटाला घातक ठरू शकते, म्हणून गुरांचे औषध परस्पर उंटाला टोचू नये.

गोमाशी ओलसर जागी वाढते. पावसाळ्यात आणि कालव्यांच्या काठी म्हणूनच हा रोग जास्त असतो. कच्छमधून मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात येणाऱ्या रबारी कळपांनाही हाच धोका असतो. बाभूळ आणि बोर तेथे भरपूर मिळते, पण वाळवंटाच्या तुलनेत हवा दमट, माशा जास्त आणि चाऱ्यात मीठ कमी. अशा भागात पावसाळ्यात मीठ न चुकता देणे आणि पावसाळा संपताच रक्त तपासून घेणे हे दोन्ही आवश्यक आहे.

खरूज मुख्यतः हिवाळ्यात पसरते. सुरुवात डोके, मान, काख आणि जांघ अशा पातळ कातडीच्या जागी होते. उंट झाडाला किंवा हौदाच्या कडेला अंग घासू लागतो. याच टप्प्यावर ती ओळखली पाहिजे, कारण पुढे केस झडतात, कातडी जाड होऊन तिला घड्या पडतात, आणि खाजवण्यात दिवस गेल्याने चरणे निम्म्यावर येते. एकाच उंटावर उपचार करून उपयोग होत नाही. पूर्ण कळपाला एकाच वेळी औषध द्यावे, पशुवैद्याच्या सल्ल्याने दहा-पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी आणि खोगीर, दोर, झुली धुऊन उन्हात टाकाव्यात. गाडीच्या इंजिनाचे जळके तेल चोळण्याची पद्धत कातडी भाजते आणि विषारीही ठरते. ही खरूज हाताळणाऱ्या माणसालाही लागते, म्हणून हात साबणाने धुवावेत.

आजारातून उठलेल्या उंटाला लगेच कामाला जुंपू नये आणि लगेच भरपूर खुराकही देऊ नये. पहिल्या आठवड्यात मऊ पाला, स्वच्छ पाणी आणि थोडे मीठ द्यावे. रवंथ आणि लेंड्या नेहमीसारख्या झाल्या की चुरी सुरू करावी आणि ती हळूहळू एक किलोवर आणावी. तहान, भूक आणि लेंड्या काही दिवसांत सुधारतात. मदार मात्र भरायला महिने लागतात, आणि ती पूर्ववत झाल्याशिवाय उंट पुढच्या उन्हाळ्यासाठी तयार झाला असे समजू नये.